आईसाठी वर्षभराचा अल्बम: फोन ते लॅब, आणि मधली सगळी कटकट

यंदा गौरी-गणपतीला साताऱ्याला सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर आईनं नेहमीप्रमाणे फोन माझ्यापुढे धरला. "गेल्या दिवाळीतले फोटो काढून दे गं, मला सापडत नाहीत." तिच्या गॅलरीत गुड मॉर्निंगची फुलं, भाजीचे दर, भिशीच्या पावत्या आणि या सगळ्याच्या तळाशी नातवंडं. तिथंच ठरवलं, की नोव्हेंबर २०२४ पासूनच्या वर्षाचा छापील अल्बम करायचा आणि २२ ऑक्टोबरला पाडव्याला तिच्या हातात द्यायचा. हातात दीड महिन्याहून थोडा अधिक वेळ होता. तो पुरेल, पण फार उरणार नाही, हे नंतर कळलं.

फोटोबुक म्हटलं की दोन वाटा असतात. एक म्हणजे ऑनलाइन: साइटवर फोटो चढवायचे, तयार साच्यात टाकायचे, आठवड्या-दोन आठवड्यांत कुरियर घरी येतं. दुसरी म्हणजे लग्नाचे अल्बम करतात ती, आपल्याकडे सगळे ज्याला करिश्मा अल्बम म्हणतात. त्यात दोन पानांची मिळून एक लांब शीट फोटोपेपरवर छापतात, मधोमध घडी घालतात आणि अशा शीट पाठीला पाठ लावून चिकटवतात. त्यामुळे अल्बम टेबलावर सपाट उघडा राहतो आणि पानं जाड असतात. आईची बोटं संधिवातानं आखडतात, तिला पातळ पानं उलटायला त्रास होतो. माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला असता, तरी ऑनलाइन वाट आधी तपासून पाहिली. ती का सोडली ते मराठी मजकुराच्या भागात सांगते.

पितृपक्षात फोटो गोळा करायला घेतले. घरच्या ग्रुपवर लिहिलं, "या वर्षातले चांगले फोटो पाठवा." तासाभरात दीडशे फोटो आले आणि सगळे व्हॉट्सॲपवरून. तिथं थोडा हिशेब करावा लागला, तो इथं मांडते, कारण अख्ख्या अल्बमचं भवितव्य त्यावर ठरतं.

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला, तर तो आकसून साधारण १६०० बाय १२०० पिक्सेलचा होतो. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल असले तर उत्तम, २०० पर्यंत चालतं, दीडशेच्या खाली केस, साडीचे काठ, चष्म्याच्या कडा मऊ पडू लागतात. मी निवडलेल्या अल्बमचं पान १२ इंच रुंद आणि ८ इंच उंच. तो १६०० पिक्सेलचा फोटो पानभर पसरला, तर इंचाला १३३ पिक्सेल. फोनवर तोच फोटो लखलखीत दिसतो, कारण फोनची काच हातभर लांब नसते. मात्र तोच ६ इंच रुंद लावला, की इंचाला २६६ पिक्सेल होतात आणि कुणाला काही कळत नाही. म्हणून एक नियम करून टाकला: व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो अर्ध्या पानाहून मोठा लावायचा नाही. पानभर जाणार तो मूळ फोटोच.

मग मूळ फोटो मागायला लागले. ग्रुपवर 'ओरिजिनल पाठवा' लिहून काही होत नाही, लोक तोच फोटो पुन्हा फॉरवर्ड करतात. शेवटी गूगल फोटोजमध्ये सामायिक अल्बम उघडला, त्याची लिंक दिली, आणि ज्यांना ते जमेना त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं, की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, 'गॅलरी'तून नको. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल आहे तशी येते. गूगल फोटोजमध्ये कुणी जागा वाचवणारा पर्याय निवडला असेल, तरी घाबरू नका. तिथं मोठा फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत खाली आणतात, आणि १२ इंचाच्या पानाला तेवढे भरपूर होतात.

आत्याचा एक फोटो मात्र कुठल्याच मार्गानं मिळेना. गौरी उभ्या केल्यावर त्यांच्यासमोर बसलेली आई, हळदीकुंकवाचं ताट मांडीवर, नजर कॅमेऱ्याकडे नाही. वर्षातला तिचा सगळ्यात सुंदर फोटो. ज्या फोनवर काढला तो फोन पाण्यात पडून गेलेला, ग्रुपवरची प्रत तेवढी उरलेली. तो ६ इंच रुंद, पांढऱ्या मोकळ्या पानावर एकटाच लावला. लहान फोटोला मोकळी जागा दिली, की तो लहान वाटत नाही. पुढं अल्बम पाहताना बहुतेक जण त्याच पानावर थांबले.

ॲमस्टरडॅमच्या दादाचे फोटो आयफोनवरचे. ते उतरवल्यावर एचईआयसी प्रकारचे निघाले, आणि छपाईवाल्यांना सहसा जेपीजी लागते. शिवाय आयफोन थोडी जास्त रुंद रंगश्रेणी वापरतो, ती तशीच छपाईला गेली तर लाल-नारिंगी रंग फिके पडण्याची भीती असते. गिंप नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला, की तो रंग एसआरजीबीमध्ये बदलू का असं विचारतो. हो म्हणायचं आणि जेपीजी म्हणून ठेवायचं. दादाला पुढच्या वर्षासाठी सांगून ठेवलं आहे, की कॅमेऱ्याच्या फॉरमॅटच्या सेटिंगमध्ये Most Compatible निवड.

क्रम लावणं हे मला वाटलं त्याहून किचकट. मूळ फोटोत काढल्याची तारीख दडलेली असते, तिच्यावरून संगणक आपोआप रांग लावतो. व्हॉट्सॲपच्या फोटोतून ती माहिती गळून जाते. उरतं ते फाइलचं नाव, उदाहरणार्थ IMG-20250914-WA0012.jpg, आणि त्यातली तारीख फोटो फोनवर आल्याची असते, काढल्याची नाही. त्यामुळे मी मागवलेलं संक्रांतीचं बोरन्हाण सप्टेंबरमध्ये जाऊन बसलं. भाचीच्या अंगावरचं काळं झबलं आणि हलव्याचे दागिने पाहून ते जानेवारीत ठेवलं. बाकीचे असेच कपड्यांवरून, रांगोळीवरून, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून लावले. महिन्याला एक फोल्डर, आणि प्रत्येक फोल्डरमधून दहाच्या आत फोटो, असं घासत घासत शंभराच्या आसपास आणले. एकाच क्षणाचे पाच फोटो असतील, तर आईचे डोळे उघडे असलेला ठेवायचा, बाकी कुणाचे मिटले असले तरी चालेल. भेट तिला होती.

आता मराठी मजकूर. प्रत्येक पानावर दोन ओळी हव्या होत्या: कुठं, कधी, कोण. ऑनलाइन साइटच्या एडिटरमध्ये मराठी टाइप केलं, पडद्यावर छान दिसलं. छपाईपूर्व पीडीएफ उघडून पाहिली तर 'दिवाळी'चं 'दविाळी' झालेलं, आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी. मदतकेंद्राचं उत्तर दोन दिवसांनी आलं, की इंग्रजीत लिहून पाहा. इंग्रजीत लिहिलेलं आई वाचते, पण अल्बममधलं नाही वाचायचं तिनं. ती वाट तिथंच सोडली. तुम्ही ऑनलाइन करणार असाल, तर पैसे भरण्याआधी एका पानावर 'श्रीकृष्ण', 'दिवाळी', 'आर्द्रा' असे शब्द टाकून अंतिम पीडीएफ जरूर पाहा. पहिली वेलांटी आणि रफार जिथं घसरत नाहीत, तिथं बाकीचंही बहुधा नीट येतं.

लग्नाच्या अल्बमवाल्यांकडे वेगळीच गंमत. तिथले डिझायनर वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करतात. आपण व्हॉट्सॲपवरून पाठवलेला युनिकोड मजकूर त्यात चिकटवला, की अगम्य चिन्हं येतात, म्हणून ते सगळं हातानं पुन्हा टाइप करतात. म्हणजे चुकांना पुन्हा वाव. त्यामुळे मी पानं स्वतःच तयार केली, मजकूर फोटोचाच भाग करून. तसं केलं की पुढं कुणाच्या संगणकावर कुठला फॉन्ट आहे याचा संबंधच उरत नाही.

यासाठी इंकस्केप वापरलं. फुकट आहे आणि मराठी जोडाक्षरं नीट दाखवतं. पान २४ बाय ८ इंच ठेवलं, म्हणजे उघड्या अल्बमची अख्खी शीट. फोटो त्यात 'लिंक' म्हणून घेतले, 'एम्बेड' नाही, नाहीतर फाइल फुगून संगणक रडकुंडीला येतो. शेवटी एक्सपोर्ट करताना ३०० डीपीआय हा आकडा हातानं घालायचा, कारण आधीपासून तिथं ९६ असतो. ३०० घातल्यावर शीट ७२०० बाय २४०० पिक्सेलची निघते. हे दोन आकडे निघालेल्या प्रत्येक फाइलवर तपासले. फॉन्ट गूगलवरचा Tiro Devanagari Marathi घेतला. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी छपाईतले नाहीत, आणि आईसारखी शिक्षिका राहिलेली बाई ते पहिल्या नजरेत ओळखते. अक्षराचा आकार पडद्यावर ठरवू नका. एक पान मजकुरासह झेरॉक्सच्या दुकानात मूळ मापात छापून घेतलं आणि शेजारच्या काकूंना चष्म्याशिवाय वाचायला दिलं. १२ पॉइंट त्यांना दिसेना, १६ वर ठरलं.

मांडणीत दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. फोनचा फोटो ४:३ या प्रमाणात असतो. तो १२ इंच रुंद केला, की उंची ९ इंच होते आणि पान असतं ८ इंच. एक इंच कुठून तरी जाणारच. आपोआप कापू दिलं तर वरून अर्धा आणि खालून अर्धा जातो, आणि गटफोटोत मागच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकं त्यात सापडतं. म्हणून पानभराचा प्रत्येक फोटो मी स्वतः कापला, बहुतेक वेळा खालच्या फरशीतून. दुसरी गोष्ट म्हणजे मधली घडी. करिश्मात पान सपाट उघडत असलं, तरी घडीची रेघ दिसतेच, आणि ती कुणाच्या नाकावरून जाऊ नये. दोन्ही पानांवर पसरलेला फोटो मी एकच ठेवला, कास पठाराचा, माणसं डाव्या कडेला आणि मध्ये नुसती फुलं. कडांनाही पाव इंच आत काही महत्त्वाचं ठेवायचं नाही. बाइंडिंगनंतर तिन्ही बाजूंनी कटिंग होतं, त्यात दोन-तीन मिलिमीटर जातात.

दसऱ्याला अठरा शीट तयार होत्या. खरं तर आता थेट कलर लॅबला जायचं होतं, पण मी गेले त्या लॅबनं काउंटरवरूनच परत पाठवलं. ते फक्त नोंदणी असलेल्या फोटोग्राफरांचं काम घेतात. हे बऱ्याच लॅबचं धोरण असतं, तेव्हा आधी फोन करून विचारा. आमच्या कॉलनीतले स्टुडिओवाले काका त्याच लॅबकडे काम पाठवतात. त्यांनी घेतलं, आणि वर एक शहाणपणाची गोष्ट सांगितली.

"ताई, आधी एक टेस्ट मारून बघा. मोबाइलवर दिसतं तसं कागदावर येत नाही."

मग एका ८ बाय १२ च्या प्रिंटवर सहा छोटे फोटो मांडून दिले: लक्ष्मीपूजनाचा पणत्यांचा, पावसाळ्यातला ढगाळ, ट्यूबलाइटखालचा, भर उन्हातला, आयफोनचा एक आणि आत्याचा तो. ८० रुपये लागले आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट आली. पणत्यांच्या फोटोत आईच्या मागचं अख्खं घर काळ्यात बुडालेलं, ट्यूबलाइटखालची मंडळी हिरवट. फोनचा पडदा स्वतःच उजेड फेकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, त्यामुळे अंधारातले तपशील आधी मरतात. संगणकाचा उजेड इतका कमी केला, की पडदा त्या प्रिंटशेजारी धरल्यावर सारखा दिसावा, आणि मग त्याच उजेडात सगळे रात्रीचे आणि घरातले फोटो उजळले. नुसती ब्राइटनेस वाढवली तर पणत्याच पांढऱ्या पडतात, म्हणून फक्त सावल्या वर उचलायच्या. यात दोन संध्याकाळी गेल्या, पण अल्बममध्ये डोळ्यांना जाणवणारा फरक सगळ्यात जास्त इथंच पडला.

६ ऑक्टोबरला फायली दिल्या, 01.jpg ते 18.jpg अशा नावांनी. लॅब नावाच्या क्रमानंच बांधणी करते, म्हणून एक ते नऊच्या आधी शून्य लावायचं, नाहीतर काही संगणकांवर १ नंतर १० येतं. काकांनी छापील फॉर्म पुढं केला: माप, शीट, पेपर ग्लॉसी की मॅट, कव्हर, करेक्शन करायचं की नाही, डिलिव्हरीची तारीख. करेक्शनचा रकाना नीट वाचा. तिथं काही न लिहिल्यास लॅबचा माणूस आपल्या अंदाजानं रंग बदलतो. मी टेस्टवरून रंग लावले होते, म्हणून 'नो करेक्शन' लिहिलं. तुम्ही फोटोंना हातच लावला नसेल, तर करेक्शन करू द्या, त्यांचा हात आपल्यापेक्षा बरा असतो. पेपर मॅट घेतला. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं, आणि हा अल्बम हॉलमध्येच पाहिला जाणार होता. कव्हरवरची ओळही फोटो म्हणूनच दिली, कुणाला टाइप करू दिली नाही. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, की फाइलमधल्या चुकीची जबाबदारी ग्राहकाची. ते वाचून तिथंच बाकावर बसून सगळी नावं आणि तारखा पुन्हा एकदा वाचल्या.

खर्च असा आला: शीटला १०० रुपये, म्हणजे अठराचे १,८००. कव्हर आणि बाइंडिंग ८५०. दादासाठी त्याच फायलींवरून तळहाताएवढा मिनी अल्बम ५००. टेस्ट प्रिंटचे ८० धरून ३,२३०, कर त्यातच. निम्मे आगाऊ दिले. डिझायनरकडून मांडणी करून घेतली असती, तर शीटमागं वेगळे पैसे लागले असते.

१३ तारखेचा वायदा होता. १३ ला फोन केला तर "उद्या". दिवाळीच्या तोंडावर लॅबकडे कंपन्यांची कॅलेंडरं आणि भेटवस्तू तुंबलेल्या असतात, आणि आमचा एकुलता एक अल्बम त्या ढिगात कुठंतरी. वसुबारस १७ ला होती आणि १८ ला मला साताऱ्याची बस पकडायची होती, तेव्हा पोटात गोळा आला होता, हे कबूल. १५ ला संध्याकाळी अल्बम आला.

काकांनी तो दुकानातल्या दिव्याखाली तिरका धरून प्रत्येक पान पाहायला लावलं. समोरून पाहिलं की काही दिसत नाही, तिरक्या उजेडात लॅमिनेशनखालचे फुगे आणि ओरखडे लगेच चमकतात. अकराव्या शीटच्या कोपऱ्यात मसुराच्या डाळीएवढा फुगा निघाला. शीट पाठीला पाठ चिकटवलेल्या असतात, त्यामुळे एक पान बदलायचं म्हणजे शेजारचीही उखडायची, आणि त्यात चारेक दिवस. फुगा कोपऱ्यात होता, चेहऱ्यावर नव्हता. तसाच घेतला, काकांनी शंभर रुपये कमी केले. वेळ हातात असता, तर मी बदलून मागितला असता. अशा कामाला वायद्यानंतर निदान दहा दिवस मोकळे ठेवा.

नव्या अल्बमची पानं पहिले काही दिवस एकमेकांना चिकटू पाहतात. घरी आणल्यावर बॉक्समध्ये न ठेवता रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवला आणि मध्ये मध्ये पानं उलटली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, साताऱ्या-कोकणाकडच्या पावसात आत दमट राहून बुरशी धरते.

पाडव्याला ओवाळून झाल्यावर अल्बम आईपुढे ठेवला. तिनं पहिल्यांदा फोटो पाहिलेच नाहीत, मजकूर वाचत गेली, मोठ्यानं, बोट ठेवून. सहाव्या शीटवर थांबून म्हणाली, "आषाढीला आपण पंढरपूरला नव्हतो गेलो, पालखी लोणंदला पाहिली." तारीख बरोबर होती, गाव दादानं चुकीचं कळवलं होतं. तिनं पेन मागवून पंढरपूर खोडलं आणि लोणंद लिहिलं. मॅट कागदावर बॉलपेन नीट उमटलं.

संध्याकाळपर्यंत आत्याची मागणी आली, मलाही एक हवा. काकांना विचारलं. फायली लॅबकडे फार दिवस ठेवत नाहीत, पण माझ्या पेन ड्राइव्हवर होत्या. दुसऱ्या प्रतीला सवलत नाही, छपाई तेवढीच असते. सहावी शीट दुरुस्त करून दिली आहे, यावेळी तुळशीच्या लग्नानंतरचा वायदा मिळाला आहे, आणि लग्नाचा हंगाम सुरू होत असल्यानं काकांनी आधीच सांगून ठेवलंय, की फोन करून विचारत जा.